कवितेतली गरिबी कोणाच्या शब्दांत?
(पेडगाव, जि. परभणी येथील शिबिरात झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त मधले प्रश्न गाळले आहेत.)



रात्री इथं कविता वाचल्या गेल्या. बहुतेक गरिबीवरच्या होत्या. आता त्यावर दोन शब्द बोला, असं मला सांगितलंय. कोणाची कविता हातात घेऊन तिचे दोष काढायचं माझ्या मनात नाही. म्हणून मी स्वतःच दोन छोट्या कविता जुळवून आणल्यात. त्या चांगल्या आहेत असा माझा दावा नाही. तपासायला बऱ्या पडतील, एवढंच.

पहिली अशी :

त्या दरिद्री कुटीरात क्षुधेचे अखंड वास्तव्य,
अभागिनी माता ढाळी अश्रू,
निर्वस्त्र बालके निद्रिस्त भूवरी,
हे दैवा, किती तू निष्ठुर!

दुसरी अशी :

घरात पीठ नव्हतं.
मायनं तरी चूल पेटवली.
धूर पाहून शेजारीण म्हणाली,
आज लवकर भाकरी टाकल्या का?

दोन्हींत घर एकच आहे, उपास तोच आहे, माय तीच आहे. पहिली लिहिणाऱ्याला कळवळा नाही असं मी म्हणणार नाही. उलट त्याच्या कवितेत कळवळा भरपूर आहे. प्रश्न असा आहे, की तो कुठं उभा राहून बघतोय. हे तो आपल्याला सांगत नाही. त्याचे शब्द सांगतात.

एकेक शब्द घेऊ. आधी 'दरिद्री'. पुस्तकात ह्याचा अर्थ गरीब. पण बोलताना आपण हा शब्द कधी वापरतो? "काय दरिद्री माणूस आहे", "हे दरिद्री लक्षण सोड". म्हणजे बोलण्यात ती शिवीच आहे. कवीला दया दाखवायची होती आणि शब्द मात्र तुच्छतेचा आला. 'गरीब' शब्दाचं तसं नाही. तो अरबीतून आला, आणि तिकडं त्याचा मूळ अर्थ परका, परमुलखातला असा होता. आपल्याकडं येऊन तो इतका मुरला, की माणूस स्वतःबद्दल बिनदिक्कत म्हणतो, "आम्ही गरीब लोक." "आम्ही दरिद्री लोक" असं कोणी म्हणत नाही. इथंच पहिली खूण सापडते : ज्याच्यावर कविता आहे तो माणूस हा शब्द स्वतःसाठी वापरील का?

मग 'कुटीर'. कुटीरात ऋषी राहतात, नाहीतर सरकारी कागदावर कुटीर उद्योग राहतो. खोप, खोपट, झोपडी हे शब्द आपले आहेत. पण त्यांतही एक गंमत बघा. झोपडी म्हणतो तो बाहेरून बघणारा. आत राहणारी बाई काय म्हणते? "घरी चालले." ती 'घर' म्हणते. वर गवत असो की पत्रा, तिच्या लेखी ते घर आहे. दुसऱ्या कवितेत 'घरात पीठ नव्हतं' असं आहे. 'झोपडीत पीठ नव्हतं' म्हटलं असतं तर तेवढ्या एका शब्दानं आपण दाराबाहेर गेलो असतो.

आता 'क्षुधा'. मला भूक लागली, भूक मेली, भुकेनं पोटात कालवलं, असं आपण बोलतो. 'भूक' शब्दाला पोट आहे. "मला क्षुधा लागली" असं कोणी म्हटलंच तर ती थट्टा असते. जो शब्द उपाशी माणसाच्या तोंडून येऊच शकत नाही, तो उपासाच्या कवितेत आला, तर उपाशी माणूस त्या कवितेतून बाहेर गेलाच म्हणून समजा.

'अभागिनी' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. 'माय' म्हटल्यावर एक बाई दिसते. 'अभागिनी' म्हटल्यावर बाई दिसत नाही, तिच्याबद्दलचा निकाल ऐकू येतो. आणि तो निकाल दैवाच्या खात्यात टाकलाय. शेवटच्या ओळीत कवी दैवालाच रागावतो. सावकार, पडलेली मजुरी, हातची गेलेली जमीन, रिकामं रेशनचं दुकान, ह्यातलं कोणी ह्या कवितेत येऊच शकत नाही. क्षुधा, वास्तव्य, अश्रू, निष्ठुर अशा शब्दांच्या ओळीत रेशनचं दुकान बसणारच नाही. म्हणजे भारदस्त शब्दांनी आवाज तर जड केलाच, पण कवितेत कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हेही ठरवून टाकलं. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, दुसऱ्या कवितेत गोष्टच वेगळी आहे, शब्दांचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. म्हणून आता दुसऱ्या कवितेत फक्त एकेक शब्द बदलून बघू. 'मायनं तरी चूल पेटवली' ऐवजी 'मातेने तरी चूल पेटवली'. झालं, माय उठून कॅलेंडरवरच्या चित्रात गेली. 'पीठ नव्हतं' ऐवजी 'अन्न नव्हते' करा. पीठ नसलं म्हणजे डबा उपडा करून, हात घालून बघितलेलं असतं. अन्न नसणं ही बातमी आहे. 'भाकरी टाकल्या का' ऐवजी 'भोजन सिद्ध झाले का' करा. आता शेजारीण शेजारीण राहिली नाही, ती नाटकातली झाली. आणि खरं दुखणं त्या शेजारणीच्या प्रश्नातच होतं. पीठ नाही हे कोणाला कळू नये म्हणून चूल पेटवली, आणि शेजारणीला तसंच वाटलं. माय जिंकली आणि उपाशी राहिली. तीन शब्द बदलले की हे सगळं जातं.

आता उलटं करून बघा. पहिली कविता साध्या शब्दांत आणा : त्या गरीब घरात कायम भूक असते, फुटक्या नशिबाची माय रडते, उघडी लेकरं भुईवर झोपलीत, देवा तू किती कठोर. शब्द सोपे झाले, पण कविता झाली का? नाही. कारण आत बघितलेलं काही नव्हतंच. गरीब म्हटलं की भूक, रडू, उघडी लेकरं आणि देव, हे चार नग कुठल्याही घरात नेऊन ठेवता येतात. जड शब्द काय करत होते? आत काही नाही हे झाकत होते. म्हणून मी सांगतो, आपली कविता जड वाटली तर ती एकदा अशी उतरवून बघा. उतरवल्यावर काही उरलं तर ठीक. नाही उरलं तर शब्द बदलून भागणार नाही, पुन्हा बघायला जावं लागेल.

हे काही आजचं नाही. मराठीत केशवसुतांपासून आहे. केशवसुतांच्या दोन कवितांची फक्त नावं शेजारीशेजारी ठेवू. एक १८८८ सालची, 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. दुसरी १८८९ सालची, 'मजुरावर उपासमारीची पाळी'. कवी एकच, मध्ये वर्षाचं अंतर. दोन्ही विषय त्या काळच्या कवितेला नवे होते, आणि कवीची सहानुभूती खरी होती, ह्यात वाद नाही. पण नावांतले शब्द बघा. 'अंत्यज' म्हणजे शेवटी जन्मलेला. कोणाच्या शेवटी? वर्णाची उतरंड लावणाऱ्यांच्या हिशेबानं शेवटी. हा शब्द त्या मुलाच्या घरातला नाही. त्याला खाली बसवणाऱ्यांच्या पोथीतला आहे. पुढं सुधारकांनी आणि वर्तमानपत्रांनी तो चांगल्या हेतूनं वापरला, तरी माणूस मोजायची फूटपट्टी जुनीच राहिली. मूल प्रश्न विचारतं, त्याचा प्रश्न खरा असतो, पण त्याची ओळख करून देणारा आवाज बाहेरचा असतो.

दुसऱ्या नावात 'मजूर' आहे. फारसीतून आलेला आणि रोजच्या बोलण्यात मुरलेला शब्द. मजूर स्वतःला मजूर म्हणतो, त्यात त्याला कमीपणा नाही, कारण त्या शब्दात त्याचं काम आहे. 'अंत्यज' शब्दात काम नाही, फक्त जागा आहे. आणि 'पाळी' बघा. पाळी कामाची असते, पाण्याची असते, आणि "माझ्यावर ही पाळी आली" असंही आपण म्हणतो. पाळी येते म्हणजे ती कशामुळं तरी येते. काम सुटलं, मजुरी बंद झाली, म्हणून उपासमारीची पाळी आली. इथं उपास हे नशिबाचं लक्षण नाही, ती घडलेली गोष्ट आहे. एका वर्षाच्या अंतरानं त्याच कवीच्या हातून हे दोन शब्द आले. ह्यावरून कवी चांगला की वाईट हे ठरत नाही. एवढंच कळतं, की माणसाचं मन पुढं गेलं तरी त्याचे शब्द मागच्या घरात राहू शकतात, आणि ते शब्द एकेक करून हलवावे लागतात.

आता कोणी ह्यातून असा नियम काढू नका, की संस्कृत शब्द दिसला की काढून टाका. हा नियम चुकीचा आहे. नारायण सुर्वे घ्या. मुंबईत गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं वाढवलेला हा माणूस. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'ऐसा गा मी ब्रह्म', १९६२ सालचं. दुसऱ्याचं 'माझे विद्यापीठ', १९६६ सालचं. ब्रह्म आणि विद्यापीठ ह्यांहून जड शब्द कुठले आणायचे? पण ते कोण म्हणतंय आणि कशाला म्हणतंय ते बघा. ज्याला विद्यापीठाची पायरी चढायला मिळाली नाही, तो रस्त्याला, कारखान्याला, चळवळीला विद्यापीठ म्हणतो. तो आपल्या जगण्यावर ह्या शब्दाचा हक्क लावतोय. 'कुटीर' आणि 'अभागिनी' हे शब्द वरून खाली येतात, दया घेऊन. सुर्व्यांचा 'विद्यापीठ' खालून वर जातो, दावा घेऊन. शब्दाचं वजन तेवढंच आहे, दिशा उलटी आहे. आणि दुसरं, त्या नावात 'माझे' आहे. 'माझे' हा साधा शब्द 'विद्यापीठ' ह्या जड शब्दाला धरून ठेवतो. दोन्ही शेजारी आले म्हणूनच ठिणगी पडली.

ह्याच्याही फार आधीची, आणि आपल्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी राबणारी बाई. तिच्या अभंगांत जातं आहे, दळण आहे, केर आहे, शेण्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारी विठोबा आहे. देवाशी बोलायला तिनं राखून ठेवलेली वेगळी भाषा काढली नाही. देव आला तर तो जात्यापाशी आला. ती स्वतःला दासी म्हणते. हा शब्दही संस्कृतातलाच. पण तो कोणी वरून चिकटवलेला नाही, तिनं स्वतः घेतलेला आहे, आणि त्याच शब्दानं ती देवाला हक्कानं कामाला लावते.

आता दुसऱ्या बाजूचा खड्डा. जड शब्द नकोत म्हणून काही जण एकदम गावंढळ भाषेत लिहायला लागतात. तिथंही बघावं लागतं. एक उदाहरण देतो. गोष्टीत किंवा कवितेत मजुराच्या तोंडी 'पायजे', 'कायतरी', 'न्हाई' असं लिहितात. ठीक आहे, आपण तसं बोलतो. पण त्याच गोष्टीतला तहसीलदार काय बोलतो? 'पाहिजे', 'काहीतरी', 'नाही'. अहो, तहसीलदारही बोलताना 'पायजे'च म्हणतो! मास्तरही म्हणतो, आणि मीही आत्ता तसंच म्हणालो. सगळ्यांचं बोलणं सारखं, पण मोडून लिहिलं ते फक्त मजुराचं. वाचणाऱ्याच्या मनात काय बसतं? हा अडाणी आहे. शब्द बोलीतले असून नजर वरचीच राहिली. तेव्हा बोली लिहायची तर सगळ्यांची लिहा, नाहीतर कोणाचीच मोडू नका.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ आपल्याला माहीत नव्हते, ते कवीलाच विचारावे लागले, असं तेंडुलकरांनी तिथं सरळ मांडलंय. हा फरक ओळखा. ढसाळांनी ते शब्द रंगत आणायला आणले नव्हते. ते ज्या वस्तीत राहत होते तिथं त्या गोष्टींना तीच नावं होती. एरवी गरिबाला शिकलेल्याकडं जाऊन अर्जातल्या शब्दांचा अर्थ विचारावा लागतो. इथं शिकलेल्याला येऊन विचारावं लागलं. शब्द खरा असला की तो अशी उलटापालट करतो. उसना असला की नुसता नाटकी वाटतो.

अजून एक गोष्ट, आणि ती आपल्या सगळ्यांना लागू आहे. साधा शब्दही काहीतरी लपवू शकतो. आपण म्हणतो, "आमची जमीन गेली." किती साधं वाक्य, त्यात एकही जड शब्द नाही. पण जमिनीला पाय असतात का? जमीन जात नाही, कोणीतरी घेतो. कोणी कागदावर अंगठा घेतला, कोणी कर्जात लिहून घेतली, कोणी नुसता नांगर घातला. 'गेली' म्हटलं की घेणारा वाक्यातून पळाला. पहिल्या कवितेतल्या दैवानं जे काम केलं, तेच काम इथं 'गेली' ह्या साध्या शब्दानं केलं. पण म्हणून कवितेत प्रत्येक वेळी "अमक्यानं घेतली" असंच लिहा, असंही नाही. ज्या बाईनं पन्नास वर्षं "गेली गं" असंच म्हटलं, तिच्या तोंडी 'गेली' हेच खरं. फक्त लिहिणाऱ्याला माहीत हवं, की ह्या शब्दात कोणीतरी लपलंय, आणि कवितेत कुठंतरी त्याची सावली पडू द्यायची की नाही हे त्यानं ठरवावं.

उलट बाजूनं 'वंचित' हा शब्द बघा. भाषणात, ठरावात आपण तो सारखा वापरतो. संस्कृतात त्याचा अर्थ फसवला गेलेला असा आहे. म्हणजे मुळात त्या शब्दात फसवणारा होता! वापरून वापरून तो गळून पडला आणि 'ज्याला मिळालं नाही तो' एवढंच उरलं. म्हणजे जड असो की हलका, प्रत्येक शब्दाला एकदा विचारावं लागतं : बाबा, तुझ्यात कोण कोण आहे, आणि कोणाला तू बाहेर ठेवलंस?

शेवटी आपल्यातल्याच एका कवीबद्दल. वाहरू सोनवणे हे भिल्ल समाजातले, शहाद्याकडच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतले. त्यांच्या संग्रहाचं नाव 'गोधड'. त्यांची एक कविता आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, तिचं नाव 'स्टेज'. आपलं दुःख दुसरेच वर बसून आपल्याला सांगतात, आणि आपल्याला वर बोलावत नाहीत, असा तिचा विषय. मला त्या नावाबद्दल बोलायचंय. 'व्यासपीठ' असं नाव देता आलं असतं. भाषणात आपण सगळे "व्यासपीठावर विराजमान मान्यवर" म्हणतोच. पण खाली बसलेला माणूस त्याला काय म्हणतो? "स्टेजवर कोण हाय रे?" शब्द इंग्रजीतला असला तरी तो खाली बसलेल्यांचा आहे. व्यासपीठ हा वर बसलेल्यांचा. कवितेचं नाव 'व्यासपीठ' असतं, तर नावापुरती का होईना, कविता वर जाऊन बसली असती. 'स्टेज' ह्या एका शब्दानं ती खालीच, आपल्या लोकांत बसून राहिली आणि तिथून वर बघत राहिली. नजर कुठून कुठं जाते हे कवितेच्या नावापासूनच कळतं.

रात्रीच्या कवितांबद्दल एवढंच सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या आईवर लिहिलं, आणि तिला माता, जननी, अभागिनी म्हटलं. ते का झालं हे कळतं. शाळेत कविता म्हणजे असलेच शब्द, असं आपल्याला शिकवलं गेलं. पण त्याचा परिणाम जड आहे. आपण आपल्याच आईकडं पाहुण्यासारखं बघायला लागलो. जिच्या हातची भाकर खाल्ली, तिच्याबद्दल लिहिताना आपण दारात उभे राहिलो आणि हळहळून परत गेलो.

म्हणून कविता ह्या पत्रकाकडं पाठवण्याआधी एक काम करा. ज्या माणसावर ती लिहिली, त्यालाच वाचून दाखवा. माय असेल तर मायला. वाचताना तिच्या तोंडाकडं बघा. एखाद्या शब्दाला ती विचारील, "हे काय रं?" तो शब्द काढायचा की ठेवायचा ते मग ठरवा. पण एखाद्या ओळीला ती म्हणेल, "असं नव्हतं झालं, त्या दिवशी पीठ होतं, मीठ नव्हतं." तेव्हा कागद बाजूला ठेवा आणि आधी तिचं पुरतं ऐकून घ्या.